लंबकाचं उत्तर वीस सेकंद आलं तर

प्रयोगशाळेत 50 ग्रॅमचा गोळा टांगलाय. आधारापासून त्याच्या मध्यापर्यंतची लांबी 100 सेंटिमीटर. T = 2π√(L/g) या सूत्रात विद्यार्थी L साठी 100 आणि g साठी 9.8 लिहितो. आवर्तकाल येतो 20 सेकंद. समोरचा लंबक मात्र 2 सेकंदांतच जाऊन परत येतो.

अशी दहापट चूक दिसली की आधी सेंटिमीटर तपासावेत. g मीटरमध्ये असेल, तर लांबीही 1 मीटर लिहावी.

दुसरी चूक वस्तुमानाची. स्प्रिंगच्या सूत्रात ते असतं, म्हणून इथेही घुसतं. वर्गमुळात L ला 0.05 किलोग्रॅमने गुणलं, तर उत्तर 0.45 येतं आणि सेकंदाला किलोग्रॅमचं वर्गमूळ चिकटून राहतं. गोळा जड झाला की गुरुत्वबल वाढतं, तेवढंच त्याचं जडत्वही; म्हणून वस्तुमान कटतं. लांबी तीच ठेवून 100 ग्रॅमचा गोळा लावला, तरी लहान झोक्याला 2 सेकंदच लागतात.