गेममधली चित्रे फोनच्या मेमरीत कशी मावतात

मोबाइल गेममधली भिंत, झाड किंवा रस्ता हा मुळात त्रिकोणांचा सांगाडा असतो. त्यावर जे चित्र बसवलेले असते, त्याला टेक्श्चर म्हणतात. भिंतीच्या विटा, कापडाची वीण, रस्त्यावरची भेग हे सारे या चित्रांतून येते, आणि त्रिमितीय गेमच्या मेमरीतला मोठा वाटाही बहुधा तीच खातात. २०४८ × २०४८ पिक्सेलचे एक टेक्श्चर घेतले, तर त्यात सुमारे ४२ लाख पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांसाठी एकेक बाइट धरला, की एकाच चित्राला १६ एमबी लागतात. वस्तू दूर गेली की तिच्यावरचे चित्र चमचमू नये म्हणून त्याच चित्राच्या निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रतीही सोबत ठेवाव्या लागतात. या प्रतींना मिपमॅप म्हणतात. त्यांच्यामुळे आकार एक तृतीयांशाने वाढून २१.३ एमबीवर जातो.

असे चित्र पीएनजी किंवा जेपीजी फाइलमध्ये ठेवले तर ते साठवणुकीत कमी जागा घेते, पण चालू गेममध्ये त्याचा उपयोग होत नाही. ग्राफिक्स चिपला एका क्षणी चित्राच्या या कोपऱ्यातला पिक्सेल हवा असतो, तर पुढच्या क्षणी त्या कोपऱ्यातला. जेपीजीतला मधलाच एक पिक्सेल थेट काढता येत नाही. त्यासाठी फाइल उलगडावी लागते, आणि उलगडली की ती पुन्हा १६ एमबीची होते. म्हणून मेमरीतही दाबलेल्याच अवस्थेत राहील आणि जिथून हवा तिथून पिक्सेल काढता येईल, असे वेगळे फॉरमॅट लागतात.

त्यांची युक्ती साधी आहे. चित्राचे छोटे चौकोनी ब्लॉक पाडायचे आणि प्रत्येक ब्लॉकला ठरावीकच बाइट द्यायचे. मग अमुक पिक्सेलचा ब्लॉक मेमरीत कुठे आहे, हे साध्या गणिताने कळते आणि तेवढाच ब्लॉक चिपमधले सर्किट उलगडते. अँड्रॉइडवर आधी ईटीसी१ चालत असे, पण त्यात पारदर्शकता नव्हती. ओपनजीएल ईएस ३.० मध्ये आलेल्या ईटीसी२ ने ती उणीव भरून काढली. जुन्या आयफोनांवर पीव्हीआरटीसी होते. आर्म आणि एएमडी यांनी विकसित केलेले एएसटीसी २०१२ मध्ये पुढे आले. २०१४ च्या आयफोन ६ पासून ॲपलच्या फोनांतही ते आहे, आणि आज दोन्ही बाजूंच्या बहुतेक फोनांवर तेच पहिली पसंती असते.

एएसटीसीचा ब्लॉक नेहमी १६ बाइटचा असतो. बदलतो तो त्यात कोंबलेल्या पिक्सेलांचा आकडा. ४×४ च्या ब्लॉकमध्ये १६ पिक्सेल बसतात, म्हणजे दर पिक्सेलला ८ बिट मिळतात. ६×६ मध्ये सुमारे साडेतीन, ८×८ मध्ये फक्त २, तर १२×१२ मध्ये एक बिटही मिळत नाही. ब्लॉकमध्ये प्रत्येक पिक्सेलचा रंग लिहिलेला नसतो. दोन टोकांचे रंग लिहिलेले असतात, आणि प्रत्येक पिक्सेल या दोन रंगांच्या मध्ये कुठे पडतो ते थोडक्यात नोंदवलेले असते. ब्लॉकमध्ये लाल विटेची कड आणि हिरवे शेवाळ एकत्र आले, तर रंगांच्या दोन, तीन किंवा चार जोड्याही ठेवता येतात. मात्र बिट तेवढेच असल्याने इतर तपशील पुसट होतो. म्हणूनच सपाट रंगाची भिंत ८×८ मध्येही चांगली दिसते आणि बारीक अक्षरांच्या पाटीवर तोच आकार डाग पाडतो.

हा बिघाड कुठे येईल हे चित्राच्या प्रकारावरून बरेचसे सांगता येते. बटणे आणि अक्षरे यांच्या कडांभोवती कचरा दिसतो, म्हणून त्यांना ४×४ लागतो. नॉर्मल मॅपमध्ये रंग नसून पृष्ठभागाची दिशा साठवलेली असते. तो जास्त दाबला तर चित्र पाहून काही कळत नाही, पण प्रकाश पडला की धातूची चमक चौकोनांत तुटते. अशा चित्रात दिशेचे दोनच घटक ठेवून तिसरा चिपवर काढतात, म्हणजे असलेले बिट दोघांतच वाटले जातात. निकाल आधीच पाहायचा तर आर्मच्या `astcenc` या साधनाने चित्र दाबून लगेच उलगडता येते:

```
astcenc-avx2 -tl bhinta.png tapas.png 6x6 -medium
```

मूळ आणि `tapas.png` शेजारी ठेवून पाहिले की फरक दिसतो. तरी अखेरचा निर्णय फोनच्या पडद्यावर, गेममधल्या नेहमीच्या अंतरावरूनच करावा लागतो.

एक काल्पनिक गेम घेऊ. त्याच्या एका टप्प्यात २०४८ ची ६० टेक्श्चर आहेत: ३० रंगाची, २० नॉर्मल मॅप आणि १० चकाकी-सावलीचे मास्क. शिवाय त्याच आकाराची बटणांची ३ पाने आहेत, त्यांना मिपमॅप नाहीत. न दाबता हे सारे सुमारे १,३३० एमबी होते, आणि टेक्श्चरसाठी ठरलेली मर्यादा आहे १५० एमबी. रंगाच्या चित्रांना ६×६ दिला तर प्रत्येकी २.३८ प्रमाणे ७१ एमबी लागतात. नॉर्मल मॅपना ५×५ ने ६८, मास्कना ८×८ ने १३ आणि बटणांना ४×४ ने १२. बेरीज होते १६५, म्हणजे १५ जास्त. इथे सगळीच चित्रे आणखी दाबण्याचा मोह होतो, पण दूरच्या डोंगरांची आणि इमारतींची १० रंगचित्रे १०२४ वर आणली, तर प्रत्येकाचा आकार चौथाईवर येऊन जवळपास १८ एमबी सुटतात. खेळाडू त्यांच्या जवळ कधीच जात नसल्याने तोटा दिसत नाही. बेरीज १४७ वर येते.

मर्यादा इतकी कडक असते, कारण फोनमध्ये ग्राफिक्स चिपची वेगळी मेमरी नसते. तीच मेमरी प्रोसेसर आणि इतर ॲपही वापरतात. ती कमी पडली की अँड्रॉइड किंवा आयओएस सरळ गेमच बंद करते. खेळाडूला कोणताही संदेश दिसत नाही, गेम नाहीसा होऊन होम स्क्रीन येते. कोडमधल्या चुकीची नोंदही सापडत नाही, कारण चूक कोडमध्ये नसते. अँड्रॉइडवर `adb shell dumpsys meminfo` या आज्ञेपुढे गेमच्या पॅकेजचे नाव देऊन `Graphics` हा आकडा पाहिला, की टप्प्यागणिक तो चढतो आहे का ते कळते.

हा आकडा हिशेबापेक्षा फार मोठा आला तर दोन कारणे आधी तपासतात. फोनला एएसटीसी येत नसेल, तर युनिटीसारखे इंजिन चित्र उलगडून पूर्ण आकारात ठेवते. ६×६ चे चित्र मग सुमारे नऊपट होते. जुन्या फोनांसाठी ईटीसी२ ची वेगळी प्रत देणे हा त्यावर उपाय, आणि गूगल प्ले फोन पाहून योग्य प्रत पाठवू शकते. दुसरे कारण युनिटीतल्या `Read/Write` या खुणेचे. ती चालू राहिली तर चित्राची एक प्रत प्रोसेसरसाठीही राखली जाते आणि आकार दुप्पट होतो.

काही मेमरी मात्र या मार्गाने वाचत नाही. गेम चालू असताना चिप ज्यावर चित्र रंगवते ते बफर एएसटीसीत ठेवता येत नाहीत, कारण त्यात दाबण्याचे काम सावकाश, आधीच संगणकावर करायचे असते. १०८० × २४०० च्या पडद्याएवढा असा एक बफर सुमारे १० एमबी घेतो, आणि सावल्या व झळाळीसाठी असे अनेक लागतात. म्हणून त्यांची जागा आधी बाजूला काढायची आणि उरलेल्यातून टेक्श्चरची मर्यादा ठरवायची, असा हिशेबाचा क्रम असतो.