बंद पडलेली सर्व्हिस परवडते, रेंगाळणारी नाही

पुस्तके विकणाऱ्या एका संकेतस्थळाची ‘उत्पादन’ सर्व्हिस समजा. ती स्प्रिंग बूटवर चालते आणि तिच्यातल्या टॉमकॅटला मूळ सेटिंगप्रमाणे २०० थ्रेड आहेत. सेकंदाला १०० रिक्वेस्ट येतात. त्यातल्या फक्त २० रिक्वेस्टना ‘शिफारस’ सर्व्हिसकडे जावे लागते, बाकीच्या ८० चा तिच्याशी काही संबंध नाही.

गैरसमज: शिफारस सर्व्हिस पूर्ण बंद पडणे हीच सर्वांत वाईट अवस्था.

तिची प्रोसेस बंद असेल, तर कनेक्शन तत्काळ नाकारले जाते आणि आपला थ्रेड काही मिलिसेकंदांत मोकळा होतो. खरी पंचाईत ती जिवंत असून रेंगाळते तेव्हा होते. किती थ्रेड अडकतील याचा हिशेब सोपा आहे: सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. उत्तर ५० मिलिसेकंदांत येत असेल, तर २० × ०.०५, म्हणजे सरासरी एक थ्रेड. तेच उत्तर ३० सेकंदांनी यायला लागले, की लागतात ६००. आपल्याकडे आहेत २००, आणि ते साधारण दहा सेकंदांत संपतात. त्यानंतर शिफारशीशी संबंध नसलेल्या ८० रिक्वेस्टही रांगेत तिष्ठत राहतात.

अशा वेळी सीपीयू जवळजवळ रिकामा दिसतो, आणि त्यामुळेच पाहणारा फसतो. `jstack` चालवून पाहावे: शेकडो थ्रेड एकाच क्लायंटच्या कॉलमध्ये उत्तर वाचण्याची वाट पाहत थांबलेले सापडतात. हेल्थ चेकही त्याच थ्रेडवर अवलंबून असेल तर कुबरनेटीस धडधाकट पॉड ‘आजारी’ समजून रीस्टार्ट करते, आणि त्याचा भार शेजारच्या पॉडवर पडतो.

गैरसमज: टाइमआउट लावला की झाले.

दोन सेकंदांचा टाइमआउट लावला तर ४० थ्रेड अडकतात, ते चालून जाते. पण कोणीतरी एकूण तीन प्रयत्नांचा रिट्राय लावलेला असतो. मग ते होतात १२०. सणासुदीला गर्दी दुप्पट झाली की २४०, म्हणजे पुन्हा तीच गत. शिवाय जावाच्या सॉकेटचा रीड टाइमआउट संपूर्ण उत्तराला लागणारा वेळ मोजत नाही, दोन वाचनांमधली शांतता मोजतो. उत्तर थेंबाथेंबाने येत राहिले तर तो कधीच लागू होत नाही. संपूर्ण कॉलला वेगळी मुदत घालावी लागते.

गैरसमज: सर्किट ब्रेकर असेल तर बल्कहेडची गरज नाही.

या गैरसमजाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. ब्रेकर संपलेल्या कॉलवरूनच निर्णय घेतो. रेझिलियन्स४जेमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे किमान १०० कॉलची नोंद झाल्यावरच तो प्रमाण काढतो, आणि ‘संथ’ ठरायला कॉल ६० सेकंदांहून जास्त चालावा लागतो. आपला ३० सेकंदांचा कॉल शेवटी यशस्वी होतो, म्हणजे ब्रेकरच्या लेखी सगळे आलबेल. ही मर्यादा एक सेकंदावर आणली, तरी पहिली नोंद तिसाव्या सेकंदाला होणार. थ्रेड तर दहाव्या सेकंदालाच संपलेले आहेत. त्यामुळे आखूड टाइमआउट नसेल तर ब्रेकर आंधळाच राहतो.

बल्कहेड पुराव्याची वाट पाहत नाही. आत्ता या क्षणी किती कॉल चालू आहेत, एवढेच तो मोजतो. मर्यादा दहा ठेवली तर अकरावा कॉल तिथल्या तिथे नाकारला जातो. त्या ग्राहकाला शिफारशींची पट्टी दिसत नाही, पुस्तक मात्र दिसते. उरलेले १९० थ्रेड मोकळे राहतात.

दहाच का? गर्दीच्या वेळी सेकंदाला ६० कॉल आणि प्रत्येकी १०० मिलिसेकंद धरले तर सहा लागतात, वर थोडी मोकळीक. ‘कमी पडायला नको’ म्हणून १५० ठेवणे म्हणजे बल्कहेड न लावण्यासारखेच. रिकामी जागा मिळेपर्यंत थांबण्याची मुदतही मूळ सेटिंगप्रमाणे शून्यच राहू द्यावी. सेमाफोर पद्धतीत थांबणारा थ्रेड टॉमकॅटचाच असतो. ती मुदत पाच सेकंद केली, तर दोन सेकंदांच्या टाइमआउटने सेकंदाला पाचच कॉल सुटतात आणि उरलेले पंधरा थांबतात. म्हणजे किमान ७५ थ्रेड नुसते ताटकळत राहतात.

ब्रेकर आणि बल्कहेड एकत्र लावताना एक मेख आहे. स्प्रिंग बूटमध्ये अ‍ॅनोटेशन वापरल्यास बल्कहेड ब्रेकरच्या आत बसतो, त्यामुळे आपणच नाकारलेला कॉल ब्रेकर समोरच्याचे अपयश म्हणून मोजतो. क्षणभराच्या गर्दीत निरोगी सर्व्हिसची वाट बंद होते, तीही मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंद. म्हणून तो अपवाद मोजणीतून वगळावा:

```yaml
resilience4j.circuitbreaker.instances.reco:
  minimumNumberOfCalls: 20
  slowCallDurationThreshold: 1s
  ignoreExceptions:
    - io.github.resilience4j.bulkhead.BulkheadFullException
```

आता दोन सेकंदांच्या टाइमआउटसह दहा-दहाच्या दोन फेऱ्या संपल्या, की साडेचार सेकंदांच्या आसपास ब्रेकर उघडतो. तोवर दहापेक्षा जास्त थ्रेड अडकलेले नसतात.