सॉसच्या बाटलीची मागची बाजू

घरी फ्राइड राइस किंवा मंचुरियन करायचं ठरलं की फडताळातून बहुतेक त्याच चार बाटल्या निघतात: सोया सॉस, चिली सॉस, व्हिनेगर आणि टोमॅटो केचप. दुकानात त्या घेताना आपण कंपनी, किंमत आणि पुढचं चित्र पाहतो. मागचा बारीक मजकूर वाचायचा राहून जातो. खरी निवड मात्र त्या मजकुरावरच करता येते, आणि त्यासाठी तिथल्या तीनच गोष्टी पाहायच्या असतात: सोडियम, साखर आणि घटकांची यादी.

सुरुवात सोया सॉसपासून करते, कारण सर्वांत जास्त मीठ त्यातच असतं आणि बाटल्या-बाटल्यांमधला फरकही त्यातच सर्वांत मोठा असतो.

पारंपरिक सोया सॉस चारच जिन्नसांचा होतो: सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी. वाफवलेल्या सोयाबीनमध्ये भाजून भरडलेला गहू मिसळतात आणि त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवतात. मग हे मिश्रण कडक मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबत ठेवतात. त्या काळात सोयाबीनमधली प्रथिनं तुटतात आणि त्यातून ती खोल, मांसल चव तयार होते. मीठ इथे केवळ चवीसाठी नसतं. एवढं मीठ नसेल तर नको ते जंतू वाढून सगळं मिश्रण नासेल. म्हणूनच चांगल्यातल्या चांगल्या सोया सॉसच्याही १०० मिलिलिटरमध्ये साधारण साडेपाच ते साडेसहा हजार मिलिग्रॅम सोडियम असतं. सोडियमला अडीचने गुणलं की मिठाचं वजन मिळतं, म्हणजे हे जवळपास १५ ग्रॅम मीठ झालं. मोठ्या माणसासाठी दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियम, अशी सांगितली जाते. पोहे खायच्या एका चमच्यात, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर सोया सॉसमध्ये, यातला जवळजवळ निम्मा वाटा संपतो.

आता आपल्याकडच्या स्वस्त डार्क सोया सॉसची यादी वाचा. कायद्यानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. बऱ्याच बाटल्यांवर हा क्रम असा दिसतो: पाणी, मीठ, साखर, कॅरॅमल रंग, मग कुठेतरी सोया सॉलिड्स किंवा सोया अर्क, त्यानंतर आम्लता नियामक २६० आणि परिरक्षक २११. याचा अर्थ ही बाटली मुख्यतः खारट-गोड तपकिरी पाण्याची आहे आणि सोयाबीन त्यात नावापुरतं आहे. दुकानदार सांगतो, ‘ताई, डार्क घ्या, रंग छान येतो.’ रंग येतो हे खरंच, पण तो पुष्कळदा १५० क्रमांकाच्या कॅरॅमलचा असतो. या रंगाला परवानगी आहे आणि चमचाभरातून तो पोटात गेला म्हणून घाबरायचं कारण नाही. आक्षेप एवढाच, की सोया सॉसचे पैसे देऊन आपण रंगवलेलं मिठाचं पाणी घरी आणतो.

खरा आंबवलेला सॉस ओळखायला बाटली हलवून फेस बघा, असा सल्ला बरेच जण देतात. त्यावर मी विसंबणार नाही. त्यापेक्षा पोषणाच्या तक्त्यात प्रथिनांचा आकडा बघा. आंबवलेल्या सॉसमध्ये १०० मिलिलिटरला साधारण ६ ते १० ग्रॅम प्रथिनं असतात. पातळ, रंगवलेल्या सॉसमध्ये हा आकडा पुष्कळदा एक-दोन ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. सोयाबीन किती घातलंय ते प्रथिनं लपवू शकत नाहीत. याला एक अपवाद आहे. यादीत ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ असेल तर ती प्रथिनं महिनोन्‌महिने आंबवून आलेली नसतात, आम्लाने काही दिवसांत तोडलेली असतात. या पद्धतीत नीट काळजी घेतली नाही तर ३-एमसीपीडी नावाचा नको असलेला पदार्थ तयार होतो. २००१ मध्ये ब्रिटनच्या अन्न तपासणी यंत्रणेला काही आयात सोया सॉसमध्ये तो जास्त प्रमाणात सापडला होता. त्यानंतर अनेक देशांनी त्याच्यावर मर्यादा घातल्या. घटकांच्या यादीत सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच असेल तर हा प्रश्न उरत नाही. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी मात्र हीच यादी दुसऱ्या कारणासाठी वाचायची, कारण आंबवलेल्या सोया सॉसमध्ये गहू बहुधा असतोच.

‘लेस सोडियम’ लिहिलेला सोया सॉसही मिळतो. तोही आधी तसाच खारट आंबवतात आणि मग त्यातलं मीठ काढतात, म्हणून तो महाग पडतो. त्यात सोडियम साधारण ४० टक्के कमी असतं, तरी १०० मिलिलिटरला साडेतीन हजारांच्या आसपास राहतंच. कमी म्हणजे थोडं नव्हे, हे ध्यानात ठेवावं.

याचा ताटावर काय परिणाम होतो ते हिशेबाने बघू. चार जणांचा फ्राइड राइस धरा. त्यात दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा चिली सॉस, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि सवयीने घातलेलं एक चहाचा चमचा मीठ. सोया सॉसच्या बाटलीवर १०० मिलिलिटरला ६,००० मिलिग्रॅम सोडियम असेल तर दोन चमच्यांतून १,८०० येतं. चिली सॉसवर १०० ग्रॅमला २,४०० असेल तर एका चमच्याचं ३६० होतं. व्हिनेगरचं जवळजवळ शून्य. चमचाभर मिठाचं सुमारे २,०००. एकूण ४,१६० मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात हजाराहून थोडं जास्त. दिवसाच्या मर्यादेतलं अर्धं सोडियम एकाच पदार्थात गेलं.

आता समजा तुम्ही महागडा लेस सोडियम सोया आणला, पण मीठ सवयीने घातलंच. तर माणशी आकडा साडेआठशेच्या आसपास येतो. त्याऐवजी साधाच सोया ठेवला आणि वेगळं मीठ घातलंच नाही, तर तो ५४० वर येतो. दुसरा उपाय फुकटचा आहे आणि परिणाम त्याचाच मोठा आहे. सोया सॉस घालायचा तर तेच त्या पदार्थाचं मीठ धरायचं. शेवटी चव पाहून लागलीच तर चिमूट घालायची. रक्तदाबासाठी लोणचं आणि पापड कटाक्षाने बंद केलेली माणसं रविवारी हाच भात निर्धास्तपणे खाताना मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी मीठ दोनदा पडतंय हे त्यांना सांगावंसं वाटतं.

व्हिनेगर या हिशेबात फार उपयोगी पडतं. त्यात सोडियम आणि साखर नसल्यातच जमा असते, आणि त्याचा आंबटपणा कमी मीठही पुरेसं वाटायला लावतो. सोया थोडा कमी करून अर्धा चमचा व्हिनेगर वाढवलं तर जिभेला फारसा फरक कळत नाही. निवडताना एवढंच बघायचं, की बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलंय की ‘ब्रूड’. सिंथेटिक म्हणजे ॲसिटिक ॲसिड पाण्यात मिसळून केलेलं, आणि तसं ते लेबलवर स्पष्ट लिहावं लागतं. ब्रूड म्हणजे ऊस, सफरचंद, तांदूळ अशा कशाला तरी आंबवून केलेलं. गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर विंदालू आणि सोरपोतेलमध्ये लागतं. त्याचा वास आणि हलका गोडसर आंबटपणा सिंथेटिकला येत नाही. फ्राइड राइसमध्ये चमचाभर घालायला मात्र दोन्ही चालतात. तिथे जास्त पैसे मोजायची गरज नाही.

चिली सॉसबद्दल फार लिहावं लागणार नाही. यादीत मिरची साखरेच्या आधी आहे की नंतर, हे पाहा. साखर आधी असेल तर तो खरं तर मिरची लावलेला पाक आहे. ‘स्वीट चिली’ नावाच्या सॉसमध्ये १०० ग्रॅममागे ४० ग्रॅमहून जास्त साखरही सापडते. हिरव्या चिली सॉसचा पोपटी रंग बऱ्याचदा १०२ आणि १३३ या कृत्रिम रंगांचा असतो. मिरची आंबट पाण्यात राहिली की तिचा हिरवेपणा मावळतो आणि ती खाकी दिसू लागते. खाकीकडे झुकणारा सॉस जुना किंवा वाईट समजू नये. तो बहुधा रंग न घातलेला असतो.

केचपचा हिशेब उलटा आहे. १०० ग्रॅमला त्यात सोडियम साधारण हजार मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सोयाच्या सहाव्या हिश्शाएवढं. पण सोया चमच्याने मोजून पडतो, केचप ताटात ओतलं जातं. म्हणून दोन सोया सॉस एकमेकांशी ताडताना १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरचा रकाना बघावा, आणि सोयाची केचपशी तुलना करताना घरात खरोखर किती वापरलं जातं ते धरावं. बाटलीवर एका वेळचं प्रमाण १० किंवा १५ ग्रॅम छापलेलं असतं. भज्यांबरोबर मूल ३० ग्रॅम सहज संपवतं. १०० ग्रॅमला ३० ग्रॅम साखर असलेल्या केचपचे ते दोन मोठे चमचे म्हणजे ९ ग्रॅम साखर, चहाचे जवळजवळ दोन चमचे. त्याबरोबर ३०० मिलिग्रॅम सोडियमही जातं.

साखरेचे दोन आकडे असतात: एकूण साखर आणि वरून घातलेली साखर. टोमॅटोची स्वतःची साखर थोडी असतेच, त्यामुळे दुसरा आकडा बघावा. तो १५ ते ३० असा बराच हलतो, म्हणून केचपमध्ये निवड करण्याला खरोखर अर्थ आहे. यादीत टोमॅटो पेस्ट पहिली असेल आणि तिची टक्केवारी जास्त असेल तर साखर आपोआप मागे सरकते. पेस्ट आटवलेली असते, त्यामुळे ‘टोमॅटो पेस्ट २८ टक्के’ हा आकडा वाटतो तितका कमी नाही. १०० ग्रॅम केचपमागे त्यात सुमारे दीडशे ग्रॅम ताजे टोमॅटो असू शकतात. याउलट यादीत पाणी आणि साखरेनंतर स्टार्च किंवा भोपळ्याचा गर आला तर दाटपणा टोमॅटोचा नाही हे ओळखावं. ‘नो ॲडेड शुगर’ असेल तर गोडी कशाची आहे तेही वाचावं, ९५५ म्हणजे सुक्रालोज. आणि साखर काढली म्हणून मीठ कमी झालं असं धरू नये. सोडियमचा रकाना तिथेही बघावाच लागतो.

कमी मिठाच्या सॉसमध्ये कधी कधी मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घालतात. यादीत ते त्या नावाने किंवा ५०८ या आकड्याने येतं. निरोगी माणसाला त्याचा त्रास नाही. पण मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील, तर शरीरात पोटॅशियम साचून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. घरात असं कुणी असेल तर ५०८ असलेली बाटली घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि तोवर साधाच सोया सॉस, चमच्याने मोजून, अर्धा घालावा.