जयंतीच्या मिरवणुकीचे शूटिंग : मोबाईलमधली जागा मध्येच का संपते?

१४ एप्रिलची मिरवणूक संध्याकाळी सहाला निघाली तर पुतळ्यापाशी पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. वाटेत काही वाद झाला, कुणी दगड मारला किंवा पोलिसांशी बाचाबाची झाली, तर दुसऱ्या दिवशी सगळे कार्यकर्त्यांकडे व्हिडिओ मागतात. पण नेमका तेवढाच भाग नसतो. मोबाईल आठच्या आधीच भरलेला असतो.

याचे कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सापडते. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात घेतलेले अनेक फोटो. प्रत्येक फोटोत किती ठिपके आहेत हे रिझोल्यूशन सांगते आणि सेकंदाला किती फोटो घेतले हे फ्रेम रेट सांगतो. फुल एचडीत एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ठिपके असतात, फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. त्यात फ्रेम रेट ३० वरून ६० केला की फोनला दुप्पट फोटो साठवावे लागतात.

आयफोनमध्ये `Settings > Camera > Record Video` उघडले तर एका मिनिटाला किती जागा लागेल हे तिथेच लिहिलेले असते. `High Efficiency` फॉरमॅट निवडलेला असेल तर फुल एचडी ३० ला सुमारे ६० एमबी, फोर-के ३० ला १७० एमबी आणि फोर-के ६० ला ४०० एमबी. आता फोनमध्ये २० जीबी जागा मोकळी आहे असे धरू. फोर-के ६० वर ती अवघ्या ५० मिनिटांत संपते. फोर-के ३० वर जेमतेम दोन तास मिळतात. फुल एचडी ३० वर मात्र साडेपाच तास मिळतात, म्हणजे चार तासांची अख्खी मिरवणूक मावून वर जागा उरते.

अँड्रॉइड फोनमध्ये आकडे कंपनीनुसार बदलतात, अनेकदा जास्तच निघतात. म्हणून आदल्या दिवशी वस्तीतल्या रस्त्यावर चालत एक मिनिट शूट करा, फाईलचा आकार बघा आणि मोकळ्या जागेला त्याने भागा. उत्तर मिनिटांत मिळेल.

मग फोर-के वापरायचेच नाही का? वापरा, पण थोडा वेळ. लांबचा फलक, गाडीचा नंबर, गर्दीतला चेहरा नंतर मोठा करून पाहायचा असेल तिथे ते चौपट ठिपके कामी येतात. ६० फ्रेम मात्र रात्री टाळलेलेच बरे. सेकंदाला ६० फोटो घ्यायचे तर प्रत्येक फोटोला जास्तीत जास्त सेकंदाचा साठावा भाग मिळतो, त्यामुळे प्रकाश कमी पडतो आणि चित्र काळपट, दाणेदार येते. लेझीमच्या वेगवान हालचाली दिवसाउजेडी टिपायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

आता स्थिरीकरण, म्हणजे स्टॅबिलायझेशन. काही फोनमध्ये लेन्स स्वतः हलून हाताची थरथर खाते. दुसरा प्रकार सॉफ्टवेअरचा आहे : फोन चित्राच्या कडा राखीव ठेवतो आणि हात हलला की आतली चौकट उलट दिशेने सरकवतो. त्या कडा कापल्या जातात, म्हणून दृश्य अरुंद होते. रुंद रस्त्यावरची मिरवणूक जवळून घेताना बाजूची माणसे चौकटीबाहेर जातात, तेव्हा दोन पावले मागे उभे राहा. सॅमसंगचा `Super Steady` किंवा आयफोनचा `Action Mode` यांसारखे जोरदार पर्याय आणखी जास्त कापतात, रिझोल्यूशनही मर्यादित ठेवतात आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. रात्रीच्या विजेच्या रोषणाईत चौकट स्थिर दिसते, पण प्रत्येक फ्रेम मुळातच पुसट आलेली असते. ती पुसटता कोणतेही स्थिरीकरण काढू शकत नाही. त्यामुळे अंधार पडला की हा पर्याय बंद करून साधे स्थिरीकरण ठेवा, दोन्ही हातांनी फोन धरा आणि कोपरे अंगाशी टेकवा.

विहारात भन्तेजींची धम्मदेसना ट्रायपॉडवरून घ्यायची असेल, तर फोनमध्ये सोय असल्यास स्थिरीकरण पूर्ण बंद करा. फोन मुद्दाम वळवला तरी सॉफ्टवेअरला ती थरथर वाटते. ते आधी चित्र अडवून धरते आणि मग झटक्यात सोडते. शिवाय कापलेल्या कडा परत मिळतात, म्हणजे मूर्ती आणि आसन दोन्ही चौकटीत बसतात.

आणखी एक सवय लावावी. चार तास एकच फाईल चालू ठेवू नका, दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबवून पुन्हा सुरू करा. फाईल उघडण्यासाठी लागणारी सूची बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहिली जाते. फोन पडून बंद झाला तर चालू असलेली फाईल उघडत नाही, आधीच्या मात्र सुरक्षित राहतात. वादाचा प्रसंग टिपला गेला असेल तर मूळ फाईल फोनमधून काढू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ती व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून लहान केली जाते आणि फोर-केसाठी खर्च केलेली जागा वाया जाते.