वाक्य कुणाचं, उद्देश्याचं की विषयाचं?

भाषाशास्त्राच्या वर्गांत एक चिनी वाक्य गेली जवळपास पन्नास वर्षं चर्चेला येत आहे: ‘नेइ छांग ह्वो, शिंगख्वेइ श्याओफांगत्वेइ लाय-द ख्वाय.’ शब्दाखाली शब्द ठेवला तर ते असं होईल: ‘ती आग, नशिबाने अग्निशामक दल आलं लवकर.’ क्रियापद आहे ‘लाय’, म्हणजे येणं. कोण आलं, तर अग्निशामक दल. मग वाक्याच्या तोंडाशी बसलेल्या ‘ती आग’ या शब्दांचं काम काय? आग येत नाही, तिला कुणी आणत नाही, ती विझवली असंही वाक्यात म्हटलेलं नाही. क्रियापदाशी तिचं कसलंच नातं नाही. ती फक्त सांगते की आता जे बोलणार आहे ते या आगीबद्दल.

शाळेच्या व्याकरणात आपण वाक्याचे दोन भाग शिकलो, उद्देश्य आणि विधेय. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य आणि जे बोलायचं ते विधेय, अशी त्याची व्याख्या. पण त्याच व्याकरणात उद्देश्य ओळखताना आपण क्रियापदाला प्रश्न विचारतो, ‘येणारा कोण?’ वरच्या वाक्यात या दोन गोष्टी दोन वेगळ्या शब्दांकडे जातात. बोलणं आगीविषयी आहे आणि येणारं दल आहे. म्हणून दोन नावं वेगळी ठेवू. क्रियापदाशी व्याकरणाने बांधलेला तो ‘उद्देश्य’ आणि ज्याच्याबद्दल बोलायचं म्हणून आधी मांडला जातो तो ‘विषय’.

चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी १९७६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं, की बोलताना विषय सगळ्याच भाषांत असतो. पण काही भाषांचं व्याकरण उद्देश्याभोवती उभं असतं आणि काहींचं विषयाभोवती. इंग्रजी पहिल्या गटात, चिनी दुसऱ्या गटात. जपानी आणि कोरियन भाषांत दोन्हींना सारखं वजन आहे आणि फिलिपिन्समधल्या टागालोगमध्ये दोन्हींपैकी एकालाही तसं स्थान नाही. ही विभागणी त्यांनी काही कसोट्यांवर केली होती. खरी शिकण्यासारखी गोष्ट त्या कसोट्याच आहेत, कारण त्या कुठल्याही भाषेवर लावून बघता येतात.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती गाळलेल्या शब्दाची कसोटी. दोन वाक्यं जोडताना दुसऱ्या वाक्यात आपण एखादा शब्द परत उच्चारत नाही, तो ऐकणाऱ्याने भरून घ्यायचा असतो. प्रश्न असा, की तो कुणाचा धरायचा? ली-थॉम्पसन यांचं उदाहरण शेताचं आहे: ‘नेइ ख्वाय थ्येन ताओज चांग-द हन ता, स्वोयी हन चिछ्येन.’ म्हणजे ‘ते शेत, भात वाढतं खूप मोठं, म्हणून खूप मौल्यवान.’ मौल्यवान काय, शेत की भात? चिनी माणूस शेत समजतो. ‘वाढतं’ या क्रियापदाचं उद्देश्य भात आहे, गाळलेल्या शब्दाच्या अगदी जवळही तेच आहे. तरी पुढच्या वाक्याची सूत्रं विषयाच्या, म्हणजे शेताच्या हातात राहतात. त्यांचं दुसरं वाक्य झाडाचं आहे: ‘ते झाड, पानं मोठी, म्हणून मला आवडत नाही.’ इथेही न आवडणारी गोष्ट झाड आहे, पानं नव्हेत.

हेच मराठीत बोलून बघा. ‘त्या जमिनीत भात छान येतो, म्हणून महागडी आहे’ म्हटलं तर जमीन, ‘महागडा आहे’ म्हटलं तर भात. ‘त्या झाडाची पानं मोठी आहेत, म्हणून मला आवडत नाही’ म्हणालात तर झाड, ‘आवडत नाहीत’ म्हणालात तर पानं. आपल्याकडे हा निवाडा लिंग आणि वचन करतं. विशेषणाचा आणि क्रियापदाचा शेवट ज्याच्याशी जुळेल त्याचा तो गाळलेला शब्द. चिनी क्रियापद लिंग, वचन, पुरुष यांतलं काहीच दाखवत नाही, त्यामुळे तिथे ही खूण मिळत नाही. तरी ऐकणारा अडत नाही, कारण विषय कुठला हे वाक्याच्या पहिल्याच शब्दांत ठरलेलं असतं.

ही गोष्ट टोकाला गेलेली पाहायची तर लिसू भाषेकडे जावं. चीनचा युन्नान प्रांत, म्यानमार, थायलंड आणि आपल्या अरुणाचल प्रदेशाचा चांगलांग जिल्हा अशा मुलखात ही भाषा बोलली जाते. तिच्यात विषयाला ‘न्या’ हा प्रत्यय लागतो. ‘वाघ-न्या कुत्रा चावतो’ अशा धाटणीचं वाक्य ली-थॉम्पसन यांनी दिलं आहे. त्याचा अर्थ ‘वाघ कुत्र्यांना चावतात’ असा होतो आणि ‘वाघांना कुत्रे चावतात’ असाही होतो. चावणारा कोण हे या वाक्याचं व्याकरण सांगत नाही, ते प्रसंगावरून उमगतं. बोलणं वाघांबद्दल आहे, एवढं मात्र ते पक्कं सांगतं.

दुसरी कसोटी कर्मणी प्रयोगाची. इंग्रजीत एखाद्या वस्तूबद्दल बोलायचं तर तिला उद्देश्याच्या जागी आणावं लागतं आणि त्यासाठी क्रियापदाचं रूप बदलावं लागतं. चिनीत त्याची गरज पडत नाही. ‘नेइ पन शू यिचिंग छूपान ल’, म्हणजे ‘ते पुस्तक आधीच प्रकाशित केलं.’ पुस्तक विषय म्हणून पुढे आलं, क्रियापद जसंच्या तसं राहिलं आणि कुणी केलं हे सांगितलंच नाही. चिनीत ‘पेइ’ हा शब्द वापरून कर्मणी रचना होते, पण परंपरेने ती चोरी, मार, अपघात अशा काहीतरी वाईट घडल्याच्या प्रसंगी वापरली जाते. विषयप्रधान भाषांत कर्मणी प्रयोग एकतर नसतो किंवा असा कोपऱ्यात असतो.

तिसरी कसोटी पोकळ उद्देश्याची. इंग्रजी वाक्याला उद्देश्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून पावसाच्या वाक्यातही ती भाषा ‘इट’ हा अर्थहीन शब्द आणून बसवते. चिनीत ‘श्या यू ल’, म्हणजे ‘पडला पाऊस’, एवढं पुरतं. मात्र ही कसोटी एकटी फसवते. स्पॅनिश आणि इटालियन भाषांतही पावसासाठी नुसतं एक क्रियापद पुरतं आणि त्या तर पक्क्या उद्देश्यप्रधान आहेत. आपणही ‘पाऊस पडतो’ म्हणतो, त्यात पोकळ शब्द नाही. एवढ्यावरून मराठी चिनीच्या गोटात जात नाही.

चौथी कसोटी हत्तीची. चिनीत म्हणतात ‘ता-श्यांग पि-ज छांग’, म्हणजे ‘हत्ती नाक लांब.’ जपानीत ‘झो वा हाना गा नागाइ’. तिथे विषयाला ‘वा’ आणि उद्देश्याला ‘गा’ असे दोन वेगळे प्रत्यय दिसतात. मिकामी अकिरा या जपानी वैयाकरणाने १९६० साली लिहिलेल्या पुस्तकाला हे वाक्यच नाव म्हणून दिलं, इतकं ते त्यांच्या व्याकरणाच्या मुळाशी आहे. मराठीला इथे ‘हत्तीची सोंड’ असा षष्ठीचा किंवा ‘हत्तीला सोंड’ असा चतुर्थीचा आधार लागतो. दोन नामं कुठल्याही प्रत्ययाशिवाय शेजारी ठेवून आपलं वाक्य उभं राहत नाही.

एक खूण आणखी सांगायला हवी. विषय हा ऐकणाऱ्याला ठाऊक असलेलाच असावा लागतो. चिनीत ‘रन लाय ल’ म्हणजे आपण ज्याची वाट बघत होतो तो माणूस आला. ‘लाय ल रन’ म्हणजे कुणीतरी माणूस आला. अनोळखी माणसाला वाक्याच्या तोंडाशी जागा मिळत नाही. मराठीत ‘पाहुणे आले’ हे दोन्ही प्रसंगी चालतं.

आता सुरुवातीच्या आगीच्या वाक्यावर आलेला आक्षेप. शी डिंगशू यांनी २००० साली म्हटलं, की हे वाक्य मुळात अपुरं आहे. ‘शिंगख्वेइ’, म्हणजे नशिबाने, हा शब्द पुढे ‘नाहीतर अमुक झालं असतं’ अशी जोड मागतो, आणि त्या न बोललेल्या भागात आगीला क्रियापदाशी रीतसर नातं असतं. मला हा आक्षेप रास्त वाटतो. त्याने एका प्रसिद्ध उदाहरणाचं तेज कमी होतं, पण शेताचं, झाडाचं आणि हत्तीचं वाक्य त्याने हलत नाही.

आपल्याही बोलण्यात तसलं वाक्य येतं: ‘तो परवाचा कार्यक्रम ना, बरं झालं पाऊस पडला नाही.’ मग मराठीही विषयप्रधान का म्हणू नये? उत्तर मिळवायचं तर ते वाक्य दुसऱ्या वाक्याच्या पोटात घालून बघावं. ‘मला माहीत आहे की तो परवाचा कार्यक्रम ना, बरं झालं...’ हे कानाला अडखळतं. चिनीत ‘वो चिताओ था थोऊ थंग’, म्हणजे ‘मला ठाऊक आहे तो डोकं दुखतं’, हे अगदी सहज बसतं. आपल्याकडे असा विषय वाक्याच्या उंबऱ्यावर, ‘ना’ किंवा ‘तर’ जोडून आणि क्षणभर थांबून येतो. चिनीत तो वाक्याच्या घडणीतच असतो.

म्हणून मराठी उद्देश्यप्रधान, असं मी म्हणेन. पण आपलं उद्देश्य इंग्रजीसारखं एकसंध नाही. ‘हे ऐकून मला आनंद झाला’ हे साधं वाक्य घ्या. ‘झाला’ हे रूप आनंदाशी जुळतं, आणि ‘ऐकून’ ही क्रिया मात्र ‘मला’ची आहे, आनंदाने काही ऐकलेलं नाही. ‘त्याला आपली चूक कळली’ यात क्रियापद चुकीकडे बघतं आणि ‘आपली’ त्याच्याकडे. ‘रामाने घरी येऊन आंबा खाल्ला’ यात ‘खाल्ला’ आंब्याचं, ‘येऊन’ रामाचं. इंग्रजीत जी कामं एकच पद करतं ती मराठीत दोघांत वाटली गेली आहेत, आणि त्या दोघांत शेताच्या वाक्यातल्यासारखा मोकळा विषय कुठेच नाही.

तुमच्या घरी मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा कोकणी बोलली जात असेल, तर या कसोट्या तिच्यावर लावून बघा. एका कसोटीवर निकाल देऊ नका, आणि सुरुवात ‘म्हणून’च्या पुढे गाळलेल्या शब्दापासून करा.