आठ ओळींची परीक्षा

अठ्ठेचाळीसमध्ये सत्तावीस मिळवताना आपण म्हणतो, आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. पुढच्या घरात मग तीन आकडे मिळवावे लागतात: चार, दोन आणि तो हातचा. द्विमान पद्धतीत आकडे फक्त ० आणि १ असले, तरी एका घराचं काम हेच असतं. ते करणाऱ्या सर्किटला फुल अ‍ॅडर म्हणतात.

त्यात येणारे आकडे तीन: अ, ब आणि उजवीकडून आलेला हातचा. बाहेर पडणारे दोन: बेरीज आणि पुढे जाणारा हातचा. तिघांच्या जुळण्या आठच होतात, म्हणून ट्रूथ टेबलही आठ ओळींचं. ते पाठ करावं लागत नाही, फक्त तिघांत १ किती आहेत ते मोजायचं. एकही नसेल तर दोन्ही उत्तरं ०. एकच असेल तर बेरीज १, हातचा ०. दोन असतील तर बेरीज ०, हातचा १. तिन्ही असतील तर दोन्ही उत्तरं १.

आता गेट. एक्सॉर गेट दोन आकडे वेगळे असले तरच १ देतं, अँड गेट दोन्ही १ असले तरच, आणि ऑर गेट एक जरी १ असला तरी. अ आणि ब एका एक्सॉरला द्या आणि त्याचं उत्तर आलेल्या हातच्यासोबत दुसऱ्या एक्सॉरला द्या, की बेरीज मिळाली. हातचा दोन ठिकाणी निर्माण होऊ शकतो: अ आणि ब मिळवताना, किंवा त्यांच्या बेरजेत आलेला हातचा मिळवताना. म्हणून प्रत्येक एक्सॉरच्या जोडीला एक अँड लावायचं आणि दोन्ही अँडची उत्तरं एका ऑरमध्ये आणायची. एकूण गेट पाच.

एक ओळ तपासू. अ १, ब ०, आलेला हातचा १. पहिलं एक्सॉर १ देतं, पहिलं अँड ०. दुसऱ्या एक्सॉरला १ आणि १ मिळतात, म्हणून बेरीज ०. दुसरं अँड १ देतं, म्हणून ऑरमधून हातचा १. तिघांत १ दोन होते, उत्तर बरोबर आलं.

ब्रेडबोर्डवर मात्र आठही ओळी तपासल्याशिवाय उठू नये. एक्सॉरची ७४८६ आणि ऑरची ७४३२ या आयसींच्या पायांची मांडणी सारखीच असते. पहिल्या एक्सॉरच्या जागी चुकून ऑर जोडलं गेलं, तर सहा ओळी बिनचूक येतात. चूक दिसते ती अ आणि ब दोन्ही १ असलेल्या दोन ओळींतच, आणि तीही फक्त बेरजेत. दुसऱ्या एक्सॉरच्या जागी ऑर बसलं, तर बेरीज चुकते ती अ आणि ब वेगळे असून आलेला हातचा १ असलेल्या दोन ओळींत. कुठली ओळ चुकली यावरून कुठलं गेट बघायचं ते कळतं, हेच मला या टेबलाचं मोठं काम वाटतं.

एलएस जातीच्या आयसीत सुटलेली तार साधारणपणे १ समजली जाते. हातच्याची तार निसटली, तर हातचा ० असलेल्या चारही ओळींत उत्तर एकाने जास्त येतं आणि उरलेल्या चार बरोबर दिसतात.

एक बदल मात्र आठांपैकी एकही ओळ पकडत नाही: शेवटच्या ऑरच्या जागी एक्सॉर लावणं. पहिलं अँड १ देतं तेव्हा अ आणि ब दोन्ही १ असतात, म्हणजे पहिलं एक्सॉर ० देतं आणि दुसरं अँडही ०च राहतं. दोन्ही अँड एकाच वेळी १ होत नाहीत, आणि ऑर व एक्सॉर यांच्यात फरक पडतो तो तेवढ्याच वेळी. ही चूक नव्हे, उलट सोय आहे. ७४८६ मध्ये चार एक्सॉर असतात, त्यातलं तिसरं वापरलं की ७४३२ लागतच नाही. एक ७४८६ आणि अँडची एक ७४०८, एवढ्यात काम भागतं.

असे चार अ‍ॅडर ओळीने जोडले, की चार घरांची बेरीज होते. पण येणारे आकडे नऊ होतात आणि टेबल ५१२ ओळींचं. तेव्हा प्रत्येक अ‍ॅडर आठ ओळींनी तपासायचा आणि मग सांधे बघायचे. उजवीकडचा पहिला हातचा ० ठेवून `1111` मध्ये `0001` मिळवा. हातचा चारही घरांतून जाऊन `10000` यायला हवं. दुसऱ्या आणि तिसऱ्या घरामधला सांधा ०ला चिकटला असेल, तर `1100` येतं. तोच सांधा सुटून लोंबकळत असेल, तर तो १ समजला जातो आणि ही चाचणी पार होते. त्यासाठी `0000` मध्ये `0000` मिळवून पाहायचं: तिसऱ्या घराचा एलईडी पेटून `0100` दिसलं, की तार तिथे सुटली आहे.