शेवटच्या दहा मिनिटांतलं वाक्य

पन्नास मिनिटांचं सत्र. त्यातली चाळीस मिनिटं ऑफिसच्या कटकटींवर गेल्यानंतर तिशीतली ती बाई पर्सची चेन उघडझाप करत म्हणाली, "मी नऊ वर्षांची असताना आमच्याकडे राहणारा एक नातेवाईक रात्री माझ्या खोलीत यायचा."

समोरच्या प्रशिक्षणार्थी समुपदेशकाने असं पहिल्यांदाच ऐकलं. "किती दिवस? आईला सांगितलंत? मग काय झालं?" तिने लागोपाठ तीन प्रश्न विचारले. बाईची नजर खिडकीवर थिजली, चेनवरचा हात थांबला. घाबरून प्रशिक्षणार्थी म्हणाली, "काळजी करू नका, हे आपल्या दोघींतच राहील."

प्रसंग प्रातिनिधिक आहे, पण अशा सत्रानंतर प्रशिक्षणार्थीला चिंतननोंद लिहावी लागते. ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 मध्ये मांडलेला क्रम अनेक ठिकाणी वापरतात: काय घडलं, काय वाटलं, काय जमलं आणि काय फसलं, तसं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढे काय करायचं. नाव, गाव, नोकरी यातलं काहीच वहीत येत नाही. या मुलीने 'काय वाटलं' खाली लिहिलं: "मान आखडली. घरी जाताना बसचा स्टॉप चुकला. तिला घरी न्यावंसं वाटलं."

सुपरवायझरने ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "ते तीन प्रश्न कुणासाठी होते?"

बराच वेळ गेल्यावर उत्तर आलं, "माझ्यासाठी. गप्प बसवेना."

इथे सुपरव्हिजनचं खरं काम सुरू होतं. आघातावरच्या कामात ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये तीन टप्पे मांडले आणि त्यांत सुरक्षितता पहिली ठेवली. आठवणींचा तपशील त्यानंतर. थिजलेली नजर, तुटक उत्तरं ही थांबण्याची खूण. अशा वेळी हकिकत बाजूला ठेवून पाय जमिनीवर टेकवायला सांगायचं, खोलीतल्या चार वस्तूंची नावं घ्यायला लावायची आणि घरी कुणासोबत जाणार ते विचारायचं. उरलेली दहा मिनिटं त्यासाठीच होती.

दुसरी चूक त्या आश्वासनात होती. "तो माणूस आज कुठल्या लहान मुलाच्या जवळपास राहतो का?" सुपरवायझरने विचारलं. नोंदीत त्यावर एक शब्द नव्हता. पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार, अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाही. म्हणून गुप्ततेची मर्यादा पहिल्याच सत्रात सांगायची असते.

पुढच्या भेटीत तिने सुरुवातीलाच सांगितलं, "मागच्या वेळी मी घाईने विचारलं आणि पाळता येणार नाही असा शब्दही दिला. तो मला आज दुरुस्त करायचाय." मर्यादा समजावून झाल्यावर बाई थोडी मागे टेकून बसली. "विचारा," ती म्हणाली, "पण एका वेळी एकच."